जांभळ्या रंगातून सूत्र: लोह-सॅलिसिलिक आम्लाच्या संकुलावर जॉब्स मेथड, पहिल्यापासून शेवटपर्यंत

नागपुरात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला किंवा एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला स्पेक्ट्रोफोटोमीटरसमोर पहिल्यांदा बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. फेरिक आयन आणि सॅलिसिलिक आम्ल एकत्र आले की गडद जांभळा रंग येतो. या जांभळ्या पदार्थात लोहाच्या एका अणूमागे सॅलिसिलेटचे किती रेणू आहेत, हे आपल्याला शोधायचे आहे. मेथड जुनी आहे. फ्रान्सच्या पॉल जॉब यांनी १९२८ साली ती सविस्तर मांडली, म्हणून लॅबमध्ये सगळे तिला जॉब्स मेथड म्हणतात. पुस्तकी नाव सतत बदलाची पद्धत.

हेच उदाहरण घ्यायचे कारण म्हणजे रसायने स्वस्त आहेत, रंग डोळ्यांना दिसतो आणि पद्धतीच्या जवळपास सगळ्या खाचाखोचा यात एकदा तरी समोर येतात.

कल्पना काय आहे

दोन द्रावणे घ्या, एक लोहाचे आणि एक सॅलिसिलिक आम्लाचे. दोन्हींची मोलॅरिटी अगदी सारखी हवी. आता त्यांची मिश्रणे अशी करा की एकूण आकारमान कायम १० मिली राहील, फक्त वाटा बदलत जाईल: ९ आणि १, ८ आणि २, असे करत १ आणि ९ पर्यंत. प्रत्येक मिश्रणात लोह आणि लिगँड मिळून एकूण मोल तेवढेच राहतात, बदलते ते फक्त त्यांचे आपसातले प्रमाण.

एका टोकाला लोह भरपूर असते पण लिगँड कमी पडतो, म्हणून रंग फिका. दुसऱ्या टोकाला लिगँड भरपूर, लोह कमी, रंग पुन्हा फिका. मध्ये कुठेतरी दोघांचे प्रमाण संकुलाच्या सूत्राइतकेच येते आणि तिथे रंग सर्वांत गडद होतो. संकुल १:१ असेल तर ही जागा ५:५ वर येईल. १:२ असेल तर लिगँडचा वाटा दोन तृतीयांश असताना, आणि १:३ असेल तर तीन चतुर्थांश असताना. लिगँडच्या वाट्याला x म्हटले तर सर्वांत गडद जागेवरून लिगँडची संख्या अशी निघते:

```
n = x / (1 - x)
```

सगळी पद्धत एवढ्याच सूत्रावर उभी आहे. मात्र हे सूत्र खरे ठरायला काही अटी पाळाव्या लागतात. दोन्ही द्रावणे सारख्या मोलॅरिटीची हवीत, प्रत्येक मिश्रणाचा पीएच सारखा हवा, आणि मिश्रणात एकच संकुल बनत असले पाहिजे. बहुतेकांचे प्रॅक्टिकल चुकते ते पीएचच्या अटीवर, म्हणून द्रावणांबद्दल जरा सविस्तर लिहितो.

द्रावणे

दोन्ही द्रावणे ०.००१ मोलर हवीत आणि दोन्हींत हायड्रोक्लोरिक आम्ल ०.००२ मोलर असायला हवे. आम्ल दोन्हीकडे सारखे असले की कोणत्याही प्रमाणात मिसळा, आम्लाचे प्रमाण तेवढेच राहते. बफर वापरायची गरज पडत नाही.

लोहासाठी फेरिक अमोनियम सल्फेट, म्हणजे फेरिक अ‍ॅलम, घ्या. बारा पाण्याच्या रेणूंसह त्याचा रेणुभार ४८२.२ आहे, म्हणून एक लिटरला ०.४८२२ ग्रॅम. एक लिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये आधी थोडे डिस्टिल्ड वॉटर आणि ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे २० मिली टाका, मग अ‍ॅलम, मग खुणेपर्यंत पाणी. हा क्रम पाळा. अ‍ॅलम नुसत्या पाण्यात टाकले की फेरिक आयनचे जलविघटन सुरू होते, द्रावण पिवळट-तपकिरी होते, आणि नंतर आम्ल घातले तरी ते लगेच पूर्ण मागे फिरत नाही. अ‍ॅलमचे खडे फिक्या जांभळ्या रंगाचे आणि कोरडे असावेत. बाटली वर्षानुवर्षे उघडी-झाकी राहून खड्यांवर पांढरी भुकटी धरली असेल तर त्यातले पाणी उडालेले असते. मग तेवढ्याच वजनात लोह जास्त जाते आणि द्रावण ०.००१ मोलर राहत नाही.

सॅलिसिलिक आम्लाचा रेणुभार १३८.१, म्हणून एक लिटरला ०.१३८१ ग्रॅम. हे पाण्यात कुरकुरत विरघळते. बीकरमध्ये ३०० मिलीच्या आसपास डिस्टिल्ड वॉटर गरम करून त्यात पूर्ण विरघळू द्या, द्रावण गार झाल्यावर फ्लास्कमध्ये ओता, बीकर दोन-तीनदा धुऊन तेही पाणी फ्लास्कमध्येच घ्या. मग ०.१ मोलर आम्लाचे तेच २० मिली आणि खुणेपर्यंत पाणी. वर तरंगणारी एखादी सुई दिसत असेल तर थांबा, ती विरघळेपर्यंत खुणेपर्यंत भरू नका.

ब्लँकसाठी नुसते आम्ल: २० मिली ०.१ मोलर आम्ल एक लिटरपर्यंत पातळ केलेले.

इथे पीएच २.५ ते २.७ च्या दरम्यान राहतो. संकुल बनताना सॅलिसिलिक आम्ल हायड्रोजन आयन सोडते, त्यामुळे मधल्या मिश्रणांत तो किंचित खाली येतो, पण एवढा फरक चालतो.

नळाचे पाणी कुठेही नको, भांडी शेवटी विसळायलाही नको. भांडी घासायच्या पावडरीत फॉस्फेट असेल आणि ती नीट धुतली गेली नसेल तर फॉस्फेट लोहाला धरून ठेवते आणि रंग फिका पडतो. एकाच टेस्ट ट्यूबचे रीडिंग शेजारच्या दोन्हींच्या मानाने खूप खाली दिसले तर मी आधी ती ट्यूब बदलायला सांगतो.

एप्रिलमधले नागपूर

परीक्षेची प्रॅक्टिकल्स एप्रिलमध्ये आली की लॅबमध्ये पारा चाळिशीजवळ असतो, आणि विद्यार्थी विचारतात की फ्लास्कवर २७ अंश लिहिलेले असताना ३८ अंशाला केलेल्या द्रावणाचे काय. त्या ११ अंशांत पाणी साधारण ०.३५ टक्क्याने फुगते. पण दोन्ही द्रावणे एकाच तापमानाला केली तर दोन्हींची मोलॅरिटी सारख्याच प्रमाणात बदलते, आणि या पद्धतीला दोन्हींची बरोबरी हवी असते. त्यामुळे गडद जागा हलत नाही. काळजी वेगळ्या गोष्टीची घ्या. सॅलिसिलिक आम्लाचे द्रावण गरम असतानाच खुणेपर्यंत भरले आणि लोहाचे थंड असताना, तर बरोबरी मोडते. तसेच बुरेट भरायला घेतलेले बीकर कूलरच्या झोतात उघडे ठेवू नका. वॉच ग्लासने झाका, नाहीतर तासाभरात त्यातले पाणी कमी होऊन द्रावण घट्ट होते, आणि तेही एकाच बाजूचे.

तरंगलांबी ठरवणे

स्पेक्ट्रोफोटोमीटर सुरू करून अर्धा तास तापू द्या. दिवा स्थिर होण्याआधी घेतलेले रीडिंग हळूहळू सरकत राहते. तोवर ५ मिली लोह आणि ५ मिली सॅलिसिलिक आम्ल मिसळून एक द्रावण करा. ब्लँकवर शून्य लावून ४८० ते ६०० नॅनोमीटरमध्ये दर १० नॅनोमीटरला त्याचा अ‍ॅब्सॉर्बन्स घ्या, आणि सर्वांत जास्त जिथे येईल तिथे आजूबाजूला ५-५ नॅनोमीटरने पुन्हा बघा. तरंगलांबी बदलली की दर वेळी ब्लँकवर शून्य पुन्हा लावायचे. जांभळे द्रावण हिरवा प्रकाश शोषते, त्यामुळे शिखर ५२५ ते ५३० नॅनोमीटरजवळ सापडेल. ५०० च्या खाली सापडले, किंवा द्रावण जांभळ्याऐवजी लालसर दिसले, तर पुढे जाऊ नका, आम्ल कमी पडले आहे.

मिश्रणे आणि रीडिंग

दोन १० मिलीच्या बुरेट घ्या, एकीत लोह, दुसरीत सॅलिसिलिक आम्ल. मेजरिंग सिलिंडरने हे काम होत नाही, कारण १ मिलीवर त्याची अचूकता पुरत नाही. अकरा कोरड्या टेस्ट ट्यूब ओळीने लावा: पहिलीत १० मिली लोह, शेवटचीत १० मिली सॅलिसिलिक आम्ल, मध्ये एक-एक मिलीने वाटा बदलत. दोन्ही टोकांच्या ट्यूब वगळू नका, त्या दुरुस्तीसाठी लागतात. नीट हलवा आणि दहा मिनिटे ठेवा. संकुल लगेच बनते, ही दहा मिनिटे तापमान सारखे व्हायला आणि बुडबुडे बसायला. तासाभराच्या आत रीडिंग संपवा आणि ट्यूब खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

सगळी रीडिंग एकाच क्युवेटमध्ये घ्या. दृश्य प्रकाश असल्यामुळे काचेची १ सेंटीमीटरची क्युवेट पुरते. खरखरीत बाजूंनी धरा, पुढच्या द्रावणाने दोनदा विसळा, चकचकीत बाजू टिश्यूने पुसा, आणि दर वेळी तीच बाजू दिव्याकडे येऊ द्या. फिक्यापासून गडदाकडे गेलात तर आधीच्या थेंबाचा परिणाम कमी होतो.

आता दुरुस्ती. समजा नुसत्या लोहाच्या ट्यूबचे रीडिंग ०.००६ आले आणि नुसत्या सॅलिसिलिक आम्लाचे शून्य. मग ५:५ च्या ट्यूबमध्ये लोहाचा वाटा अर्धा, म्हणून ०.००३ वजा करायचे. रीडिंग ०.५१७ असेल तर दुरुस्त आकडा ०.५१४. इथे ही वजाबाकी क्षुल्लक वाटेल, पण धातूला स्वतःचा रंग असलेल्या संकुलांत, उदाहरणार्थ निकेल किंवा तांब्याच्या, याशिवाय ग्राफला अर्थच राहत नाही.

दुरुस्तीनंतर असे आकडे मिळाले असे धरू:

| सॅलिसिलिक आम्ल (मिली) | लोह (मिली) | अ‍ॅब्सॉर्बन्स |
|---|---|---|
| १ | ९ | ०.१४३ |
| २ | ८ | ०.२७४ |
| ३ | ७ | ०.३९४ |
| ४ | ६ | ०.४७८ |
| ५ | ५ | ०.५१४ |
| ६ | ४ | ०.४८१ |
| ७ | ३ | ०.३९१ |
| ८ | २ | ०.२७७ |
| ९ | १ | ०.१४१ |

ग्राफ वाचताना

आडव्या अक्षावर सॅलिसिलिक आम्लाचा वाटा x, उभ्या अक्षावर अ‍ॅब्सॉर्बन्स. हातानेच काढा, मोठ्या ग्राफ पेपरवर. वक्र टोकदार येणार नाही, वर गोलसर घुमट येईल, आणि त्यामुळे कमाल नेमकी कुठे हे डोळ्यांनी सांगणे अवघड जाते. म्हणून दोन्ही टोकांकडच्या सरळ भागांवरून रेषा काढून त्या वर वाढवतात आणि त्या जिथे छेदतात तिथला x वाचतात.

आपल्या आकड्यांत डावी रेषा दर मिलीला ०.१४३ ने चढते, उजवी टोकापासून मागे दर मिलीला ०.१४१ ने. V मिली सॅलिसिलिक आम्लावर त्या भेटतात असे धरले तर ०.१४३ × V = ०.१४१ × (१० − V), म्हणून V = ४.९६ आणि x = ०.४९६. सूत्रात टाकल्यावर n = ०.९८ येतो, म्हणजे १. संकुल १:१.

घुमट का आला, हे समजून घ्या. संकुल फार पक्के असते तर ५:५ वर जवळजवळ सगळे लोह त्यात गेले असते आणि ग्राफ त्रिकोणासारखा झाला असता. आपले संकुल या पीएचला मध्यम पक्के आहे, त्यामुळे ५:५ वर काही लोह आणि काही सॅलिसिलिक आम्ल सुटेच राहते. प्रत्यक्ष वक्र आणि छेदबिंदू यांच्यातली फट जितकी मोठी तितके संकुल कच्चे. फट इतकी मोठी झाली की वक्र नुसता एक सपाट फुगवटा दिसतो, तेव्हा ही पद्धत सोडून द्यावी.

या फटीवरून स्थिरतेचा स्थिरांक काढायची रीत जर्नलमध्ये सर्रास दिसते. त्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: सूत्र काढायला हा ग्राफ चांगला, स्थिरांकासाठी जपून. रीत अशी, की छेदबिंदूची उंची, आपल्याकडे ०.७१०, म्हणजे सगळे लोह संकुलात गेल्यावरचा अ‍ॅब्सॉर्बन्स असे मानायचे. मग ०.५१४ ला ७२ टक्के संकुल बनले असे धरून स्थिरांक सुमारे १.९ × १०⁴ येतो. पण टोकाकडची रेषासुद्धा पूर्ण रूपांतराची नसते, तिथेही थोडे संकुल सुटलेले असते. खरी उंची तपासायला लोहाच्या १ मिलीत त्याच आम्लातले ०.०१ मोलर सॅलिसिलिक आम्ल ९ मिली टाका. लिगँड इतका जास्त असला की जवळजवळ सगळे लोह संकुलात जाते. समजा तिथे ०.१५७ आले. लोह ०.०००१ मोलर असल्याने मोलर अ‍ॅब्सॉर्प्टिव्हिटी १५७० निघते. ती घेऊन ५:५ चा हिशोब केला तर संकुल ०.०००३२७ मोलर, सुटे लोह ०.०००१७३ मोलर, आणि स्थिरांक सुमारे १.१ × १०⁴. पहिला आकडा जवळपास दुप्पट होता. आणि हा दुसरा आकडासुद्धा याच पीएचपुरता खरा आहे, तसे जर्नलमध्ये लिहा.

शिखर मध्यावर आले नाही तर

n जर ०.९८ किंवा १.०३ आला तर तो एकच समजायला हरकत नाही. १.१ आला की कारण शोधायचे, आकडा गोल करून पुढे जायचे नाही.

सर्वांत साधे कारण म्हणजे मोलॅरिटीची बरोबरी मोडणे. लोहाचे द्रावण १० टक्के जास्त घट्ट असेल तर छेदबिंदू ०.५० वरून ०.५२ वर सरकतो आणि n सुमारे १.१ दिसतो. दोन्ही रेषांचे चढ वेगळे पडणे ही याची खूण आहे. अशा वेळी नवीन अ‍ॅलम तोलून द्रावण पुन्हा करा.

दुसरे कारण पीएच. कुणी लोहाचे द्रावण गढूळ होऊ नये म्हणून ०.१ मोलर आम्लात करतो आणि सॅलिसिलिक आम्ल साध्या पाण्यात. मग लोह जास्त असलेल्या ट्यूबमध्ये आम्ल जास्त, लोह कमी असलेल्यांत कमी. आम्ल वाढले की सॅलिसिलेटला हायड्रोजन आयन पुन्हा चिकटतात आणि संकुल सुटते. परिणामी सगळेच रंग फिके येतात, पण लोहाच्या बाजूचे जास्त फिके, आणि शिखर सॅलिसिलिक आम्लाच्या बाजूला ढकलले जाते. ग्राफ एका अंगाला कललेला दिसेल. पीएच पेपर इथे कामाचा नाही. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या मिश्रणाचा पीएच मीटरवर बघा.

उलट बाजूने कुणी असिटेट बफर घालून पीएच ४ च्या वर नेतो. तिथे फेरिक आयन दुसरे सॅलिसिलेटही धरू लागतो आणि रंग लालसर होतो. आणखी वर, अल्कधर्मी द्रावणात, तीन सॅलिसिलेटचे पिवळे संकुल बनते. म्हणजे या जोडीचे सूत्र विचारताना पीएच सांगितल्याशिवाय प्रश्नच पूर्ण होत नाही. दोन संकुले एकत्र असतील तर शिखर १:१ आणि १:२ यांच्या मध्येच कुठेतरी येईल आणि n = १.४ सारखा अर्धवट आकडा देईल.

एकच संकुल आहे ना, हे तपासायची सोपी चाचणी व्हॉसबर्ग आणि कूपर यांनी १९४१ मध्ये दाखवली. हीच अकरा मिश्रणे आणखी दोन तरंगलांब्यांवर मोजा, समजा ४९० आणि ५७० नॅनोमीटरवर. अ‍ॅब्सॉर्बन्स कमी येईल, पण एकच संकुल असेल तर शिखर तिन्ही ग्राफवर त्याच x वर राहील. ४९० वर ते लिगँडच्या बाजूला सरकले तर लालसर दुसरे संकुल हजर आहे. द्रावणे तयारच असतात, त्यामुळे वीस-पंचवीस मिनिटांचे जास्तीचे काम आहे, आणि माझ्या मते ते प्रत्येक जर्नलमध्ये असावे.

सूत्र लिहिताना

ग्राफने दिले ते एवढेच: लोह आणि सॅलिसिलेट यांचे प्रमाण १:१. दोन लोह आणि दोन सॅलिसिलेट असलेल्या संकुलालाही शिखर ०.५ वरच येईल, म्हणून एक-एक की दोन-दोन, हे जागेवरून कळत नाही. सॅलिसिलिक आम्लाने किती हायड्रोजन आयन सोडले हेही या ग्राफमध्ये नाही. ते पीएच बदलून केलेल्या मोजमापांतून कळते, आणि तिथून ठाऊक आहे की कार्बोक्सिल आणि फिनॉल दोन्हींचे हायड्रोजन जातात व लोहासह सहा अणूंचे कडे बनते. म्हणून संकुलाचे सूत्र [Fe(C7H4O3)(H2O)4]+ असे लिहितात. त्यातले पाण्याचे चार रेणू लोहाच्या सहा जागांच्या हिशोबाने येतात.

हीच मांडणी पुढे फेरस आयन आणि फिनँथ्रोलिनवर करून बघा. तिथे नारिंगी-लाल रंग ५१० नॅनोमीटरवर मोजतात, संकुल फार पक्के असल्यामुळे ग्राफ जवळजवळ त्रिकोणी येतो आणि शिखर ०.७५ वर, म्हणजे १:३. रंग फार गडद असतो, म्हणून दोन्ही द्रावणे ०.०००२५ मोलर घ्या. शिखर ०.७५ च्या पुढे गेले की मात्र पद्धत थकते. १:३ चे शिखर ०.७५ वर, १:४ चे ०.८० वर, १:५ चे ०.८३ वर, आणि एक-एक मिलीच्या मिश्रणांतून हा फरक खात्रीने वाचता येत नाही. तिथे लोहाचे प्रमाण कायम ठेवून फक्त लिगँड वाढवत जायची मोल-रेशो पद्धत घ्यावी.